शेजारच्या तालुक्याचा छेद

माझा वर्गमित्र शेजारच्या तालुक्याचा आरोग्य अधिकारी होऊन आला, तेव्हापासून मला माझ्या तालुक्यातली बाळं जास्त मरताना दिसू लागली. वास्तविक आकडा तोच होता. पण तोवर मी तो माझ्याच मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघत असे आणि थोडा तरी उतरला म्हणून समाधानाने चहा पीत असे. आता त्याच्या शेजारी त्याचा आकडा येऊन बसला.

आम्ही सोलापुरात एकत्र डॉक्टर झालो. कॉलेजात तो माझ्यापेक्षा नेहमी थोडाच पुढे असायचा. खूप पुढे असता तर मी त्याला मोठा मानून मोकळा झालो असतो. थोडं पुढे असणाऱ्या माणसाचा त्रास फार असतो, कारण प्रत्येक वेळी वाटतं, आज जमलं असतं.

दर महिन्याला सोलापूरला जिल्ह्याची आढावा बैठक असायची. आम्ही सगळे तालुका आरोग्य अधिकारी आपापले कागद घेऊन जायचो. तो मात्र स्लाइड घेऊन यायचा. पहिल्या स्लाइडवर सूर्योदय. शेवटच्या स्लाइडवर हसरं, गुबगुबीत बाळ. त्या बाळाचा आपल्या जिल्ह्याशी संबंध नसावा, कारण त्याच्यामागे बर्फ पडलेला होता. मधल्या स्लाइडवर त्याचे दर. सभागृह ‘वा’ म्हणायचं, आणि मी पेनचं टोपण काढायचो आणि घालायचो.

आकडे मी इथे मुद्दाम गोल करून सांगतो, तालुका ओळखू येऊ नये म्हणून. त्याचा हिशेब असा : वर्षात सहा हजार जिवंत जन्म. एक वर्ष पूर्ण होण्याआधी गेलेली बाळं साठ. म्हणजे अर्भकमृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे दहा. माझे जिवंत जन्म तीन हजार, गेलेली बाळं चोपन्न. दर अठरा. त्याच्यापेक्षा माझी सहा बाळं कमी गेली होती आणि तरीही मी त्याच्या जवळजवळ दुप्पट वाईट होतो. हे मी घरी बायकोला समजावून सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते.

“मग बरोबरच आहे की,” ती म्हणाली. “त्यांच्याकडे जन्मही दुप्पट आहेत.”

“दुप्पट कसे असतील? लोकसंख्या त्याची माझ्याहून कमी आहे.”

“मग त्यांना विचारा ना. माझ्यावर कशाला डाफरताय?”

त्याला विचारायला मी काय वेडा होतो?

त्या वर्षी दोन गोष्टी जाहीर झाल्या. ज्या तालुक्याचा अर्भकमृत्यू दर सर्वांत कमी, त्याला ढाल मिळणार होती. आणि ज्या तालुक्याचा नवजात मृत्यू दर सर्वांत जास्त, त्याच्या ग्रामीण रुग्णालयात नवजात बाळांसाठी नवा कक्ष उघडणार होता : वॉर्मर, ऑक्सिजन, कावीळ उतरवायचे निळे दिवे आणि मुख्य म्हणजे तेवढ्यासाठीच नेमलेल्या प्रशिक्षित नर्स. हा कक्ष मला हवा होता. माझ्या रुग्णालयात एकच वॉर्मर होता, आणि कमी वजनाचं बाळ जन्मलं की त्याला रुग्णवाहिकेत घालून सोलापूरला पाठवायला लागायचं. वाटेत काही बाळं थंड पडायची. पुस्तकात हे दोन ओळींत लिहिलेलं असतं. गाडीत आईच्या पोटाशी ते बाळ धरून बसलेल्या नर्सला त्या दोन ओळी फार लांब वाटतात.

नवजात म्हणजे अठ्ठावीस दिवस पूर्ण न झालेलं बाळ. माझ्या चोपन्नपैकी छत्तीस मृत्यू या वयातले, म्हणजे दर बारा. अठ्ठावीस दिवसांनंतर पण वर्षाच्या आत गेलेली अठरा, म्हणजे नवजातोत्तर दर सहा. छेद दोन्हीकडे तोच, वर्षभरातले सगळे जिवंत जन्म. म्हणून बारा आणि सहा मिळून अठरा होतात. एकदा एका हुशार तरुण डॉक्टरने सहाचा दर काढताना छेदातून आधी गेलेली छत्तीस बाळं वजा केली होती. त्याला वाटलं, अठ्ठावीस दिवस जगलेल्यांतूनच पुढे मरणार ना. विचार म्हणून चांगला, दर म्हणून चूक. मग बेरीज जुळेना आणि तो दोन दिवस कॅल्क्युलेटरवर संशय घेत बसला.

माझ्या मित्राचे नवजात मृत्यू अठ्ठेचाळीस, दर आठ. नवजातोत्तर बारा, दर दोन. त्यामुळे ढाल त्याला आणि कक्ष मला, असं जवळजवळ ठरलंच होतं. एखाद्या शहाण्या माणसाने इथे हात जोडून आभार मानले असते. मला रात्रंदिवस ढाल दिसत होती. लाकडाची, वर पितळी पत्रा ठोकलेली, पुढच्या वर्षी पत्रा काळा पडणारी.

माझा पहिला संशय त्याच्या प्रामाणिकपणावर होता, आणि तो संशय मला फार सुखाचा वाटला. बाळ जन्मलं, दोन-चार श्वास घेतले आणि गेलं, तर तो जिवंत जन्म आणि नंतर नवजात मृत्यू. पण त्यालाच ‘उपजत मृत्यू’ लिहिलं, म्हणजे पोटातच गेलेलं, तर ते बाळ नवजात मृत्यूंच्या अंशातून जातं आणि जिवंत जन्मांच्या छेदातूनही जातं. दर आपोआप उतरतो. हो, उपजत मृत्यूंचा दर वाढतो, कारण तो एकूण जन्मांमागे काढतात, जिवंत आणि मृत दोन्ही धरून. पण ढाल त्यावर नव्हती.

त्या तिमाहीत एकमेकांच्या तालुक्यात जाऊन तपासणी करायची पद्धत सुरू झाली, आणि मी हात वर करून त्याचाच तालुका मागून घेतला. त्याने माझं स्वागत केलं. अकलूजहून कुणीतरी आणलेले पेढे पुढे ठेवले.

“घे रे. तू आलास बरं झालं. परका आला असता तर उगाच धाक.”

“धाक कशाला? लपवायचं काही असेल तर धाक.”

“तुझा स्वभाव अजून तस्साच आहे बघ,” तो हसला आणि आणखी एक पेढा माझ्या बशीत सरकवला.

मी सगळा दिवस त्याच्या प्रसूतिगृहात घालवला. उपजत म्हणून लिहिलेल्या प्रत्येक बाळाची नोंद काढली. किती आठवड्यांचं, वजन किती, प्रसूतीआधी ठोके मिळत होते का, कातडी सुटलेली होती का. कातडी सुटलेली म्हणजे बाळ आधीच कधीतरी गेलेलं. कातडी नीट असलेली, म्हणजे कळा सुरू झाल्यावर गेलेली बाळं थोडी होती आणि त्यांच्यावर मी तुटून पडलो. प्रसूतिगृहाची मुख्य सिस्टर उभी होती.

“हे बाळ उपजत कसं? ऑक्सिजन दिल्याचं लिहिलंय.”

“दिला सर. श्वास देऊन बघितला, ठोका आलाच नाही. ठोका, श्वास, नाळेची धडधड, हातपायांची हालचाल, यातलं काहीही दिसलं असतं तर जिवंत जन्म लिहिला असता. ही बघा, त्याच आठवड्यातली दुसरी नोंद. याने दोनदा उचकी दिल्यासारखा श्वास घेतला. लिहिलंय की. जिवंत जन्म, आणि खाली मृत्यू.”

“डॉक्टरांनी सांगितलं असं लिहायला?”

“त्यांनी सांगितलं, खरं काय ते लिहा. दुसरं काय सांगणार?” तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी मागितलं.

तर तो प्रामाणिक होता. परतताना गाडीत मला जो संताप आला त्याला दुसरं कारण नव्हतं. लबाड माणूस पुढे गेला तर निदान लोकांना सांगता येतं.

त्यानंतर काही दिवसांनी माझ्याच तालुक्यातलं एक बाळ गेलं, आणि मृत्यूची चौकशी करायला मी त्या वस्तीवर गेलो. अशा चौकशीत घरी जाऊन, शांतपणे, बाळ आजारी कधी पडलं, कुणाला दाखवलं, वाहन कधी मिळालं, हे विचारायचं असतं. तीन महिन्यांचा मुलगा. न्यूमोनियाने गेलेला. आई आत भिंतीकडे तोंड करून निजली होती. सासू ओट्यावर बसून माझ्याशी बोलत होती. तिच्याशेजारी बाळाचं धुतलेलं झबलं वाळत होतं. ते काढावं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा कुणाच्यानं झालं नव्हतं.

“जन्म कुठे झाला?”

“तिच्या म्हायारी. तितल्या मोठ्या दवाखान्यात.” तिने माझ्या मित्राच्या तालुक्याचं गाव सांगितलं. “पैलं बाळंतपण म्हायारीच आसतंय की. आन् तितं दवाखानंबी लई. आमच्या वस्तीच्या समद्या सुना तिकडंच जात्यात. म्हायार माढ्याचं आसू द्या न्हायतर नातेपुत्याचं, डिलिव्हरी तिकडंच.”

“जन्माचा दाखला?”

“तितलाच. जल्म जितं, कागूद तितं. तिसरा म्हयना लागला तवा वाजतगाजत हितं आणला.” तिने माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. “तुमी लिवून घ्या सायेब. मरान तुमच्याच कागदावर हाय न्हवं?”

मी लिहून घेतलं. आणि तिथेच, त्या ओट्यावर, त्या झबल्याच्या शेजारी, मला ढाल दिसली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. बाळाच्या मृत्यूची चौकशी मात्र आई जिथली राहणारी, त्या तालुक्याकडे पाठवली जाते, आणि मृत्यूही तिथेच मोजला जातो. हे बाळ माझ्या मित्राच्या छेदात बसलं होतं आणि माझ्या अंशात येऊन पडलं होतं. आमच्या सगळ्या पहिलटकरणी आपापली बाळं त्याच्या सहा हजारांत जमा करून माझ्याकडे परत येत होत्या. त्याच्याकडे अंश होता राहणाऱ्यांचा आणि छेद होता आलेल्या-गेलेल्यांचा. एका माळेचे मणी आणि दुसऱ्या माळेचा दोरा.

पुढचे आठ-दहा दिवस मी इतक्या आनंदात होतो की बायकोने रक्तदाब मोजून घ्यायला सांगितलं. गरोदर बायकांची नावं राहत्या पत्त्यासह नोंदलेली असतात. ती नोंद काढून मी माझ्या मित्राच्या तालुक्यात खरोखर राहणाऱ्या बायकांची जिवंत बाळं मोजली, मग ती कुठेही जन्मलेली असोत. चार हजार निघाली. साठ भागिले चार हजार. दर पंधरा! दहा नव्हे, पंधरा. मी कोष्टक तयार केलं, त्यात ‘पंधरा’ ठळक केलं, आणि जिल्ह्याच्या सांख्यिकी अधिकारी बाईंपुढे ठेवलं.

या बाई कमी बोलायच्या. आमच्या स्लाइड चालू असताना त्या समोरच्या कागदावर एकेक आकडा पुन्हा भागून बघत. उत्तर बरोबर आलं की किंचित निराश होत.

त्यांनी कोष्टक दोनदा वाचलं.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “उपजत मृत्यूंचं काय?”

“तिथे त्याने अंश आणि छेद दोन्ही दवाखान्यातलेच घेतलेत. म्हणजे भागाकार बरोबर आहे.”

“भागाकार बरोबर, पण तो दर तालुक्याचा नाही, त्याच्या दवाखान्यांचा आहे. तोही बदलायला हवा. पाच वर्षांखालचा?”

“त्याचे एक ते पाच वर्षांमधले मृत्यू बारा. साठ आणि बारा, बहात्तर. त्याने बारा दाखवलाय, खरा दर अठरा.” मी न बघता सांगितलं. मला सगळं पाठ होतं.

“छान. खूप मेहनत घेतलीत.” त्यांनी चष्मा काढला. “आता तुमचं.”

“माझं काय?”

“त्यांच्या छेदात जी बाळं जास्त होती, ती कुणाची होती?”

मी दहा दिवस बेरजा केल्या होत्या, त्या सगळ्या त्याच्या बाजूच्या. माझ्या तीन हजारांकडे मी बघितलंच नव्हतं. ते मला इतके ओळखीचे होते की मोजायचे असतात हेच विसरलो. बाईंनी कागद ओढला आणि माझ्यासमोर, पेन्सिलीने, माझ्या तालुक्यात राहणाऱ्या बायकांची जिवंत बाळं मांडली. साडेचार हजार.

“चोपन्न भागिले साडेचार हजार. बारा. अभिनंदन, ढाल तुमची.”

“हो का,” मी म्हणालो.

“नवजात छत्तीस. दर आठ.” पेन्सिल शेजारच्या रकान्यात गेली. “त्यांचे अठ्ठेचाळीस भागिले चार हजार. दर बारा.” त्यांनी वर बघितलं. “गंमत बघा, अदलाबदल झाली. आधी त्यांचा आठ, तुमचा बारा. आता जिल्ह्यात सर्वांत जास्त त्यांचाच.”

“पण मॅडम, कक्ष...”

“कक्ष त्यांना जाईल.”

“माझ्याकडे एकच वॉर्मर आहे.”

“माहीत आहे. पण आत्ता जन्मताहेत कुठे बाळं? तुमचीसुद्धा तिकडेच. दर काढताना राहण्याचं ठिकाण बघायचं, पण खाट टाकायची तर जन्माचं ठिकाणही बघावं लागतं.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “तुम्ही हे कोष्टक आणलं नसतंत तर कुणाच्या लक्षात आलं नसतं.”

हे त्या कौतुकाने म्हणाल्या. त्यांच्या कौतुकाला आणि खंतीला चेहरा एकच होता.

ढालीचा कार्यक्रम यथासांग झाला. दीपप्रज्वलन झालं, पंख्यामुळे वात तीनदा विझली आणि तिन्ही वेळा टाळ्या झाल्या. शाल, श्रीफळ, सोलापूरचाच म्हणून टॉवेल. प्रमुख पाहुण्यांनी ‘अर्भकमृत्यू दर शून्यावर आणू’ असं जाहीर केलं. सभागृहातल्या आम्ही डॉक्टरांनी, जन्मजात हृदयविकाराची बाळं आठवत, मान डोलावली. मी ढाल घेतली. फोटो काढताना ती उलटी धरली होती.

खाली उतरलो तर माझा मित्र समोर उभा. मला वाटलं, आता बोलेल. बोललाही.

“तुझे उपकार झाले रे माझ्यावर.”

“टोमणे नकोत.”

“टोमणे कसले? दोन वर्षं कक्ष मागतोय मी. दर वेळी म्हणायचे, डॉक्टर, तुमचा नवजात दर आठ आहे, तुम्हाला कशाला हवा? बाळं डोळ्यांसमोर जात होती आणि कागदावर दर आठ. कुठं चुकतंय मला उमजेना. सूर्योदय दाखवायचो, दुसरं काय करणार?” त्याने माझ्या हातातली ढाल घेतली, फिरवून बघितली. “चांगली आहे. जड आहे.”

“पत्रा आहे नुसता,” मी म्हणालो.

“तुला हवी होती ना?”

मी त्याच्याकडून ढाल परत घेतली. घरी बायकोने ती टीव्हीवर ठेवायला नकार दिला, म्हणून ती माझ्या कार्यालयात कपाटावर गेली. येणारा प्रत्येक माणूस तिच्याकडे बघायचा, आणि मला दर वेळी त्याचे निळे दिवे दिसायचे. ढाल मिळाल्यावर मत्सर संपेल अशी माझी समजूत होती. त्याने फक्त पत्ता बदलला.

पुढच्या वर्षी त्या वस्तीवरची सून पुन्हा गरोदर राहिली. दुसरं बाळंतपण सासरी, त्यामुळे या वेळी ती माझ्या रुग्णालयात आली, दिवस भरायच्या बऱ्याच आधी. मुलगी झाली. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढी. आमच्या एकुलत्या वॉर्मरवर आधीच एक बाळ होतं. सासू दारात उभी राहून सारखी एकच गोष्ट विचारत होती, “सोलापूरला न्यायचं का? लई लांब हाय वो.”

सोलापूर लांब होतं. त्याचा कक्ष अर्ध्या वाटेवर होता. मी फोन उचलला.

“पाठव,” तो म्हणाला. “आईच्या छातीला कातडीशी कातडी लावून, वरून पांघरूण. टोपी घाल.”

“मला माहीत आहे,” मी म्हणालो. मलाही ते माहीत होतं, पुस्तक आम्ही एकच वाचलं होतं.

भर दुपारी गाडी गेली. संध्याकाळी त्याचा फोन आला. पलीकडून बारीक, चिडका आवाज येत होता.

“ऐकू येतंय का? तुझी पोरगी. माझ्या वॉर्मरखाली. काय कडक रडते!”

“माझी कसली,” मी म्हणालो. “तुझ्याकडे आहे ना?”

“अरे जन्म तुझ्याकडचा, राहणं तुझ्याकडचं. छेदात तुझ्याच येणार. तूच शिकवलंस ना जिल्ह्याला?”

ती तिथे बरेच दिवस राहिली, वजन धरून घरी आली. वर्षाच्या शेवटी मी दर काढले तेव्हा ती माझ्या जिवंत जन्मांत एक होऊन बसली होती, आणि अंशात कुठेच नव्हती. ना नवजात, ना नवजातोत्तर. माझा दर थोडा उतरला होता. बैठकीत बाईंनी विचारलं, कशामुळे उतरला?

तो माझ्या शेजारीच बसला होता. पेनचं टोपण काढत आणि घालत.

“रेफरल सुधारलं. बाळ वेळेत पुढच्या कक्षात पोहोचतं,” मी म्हणालो. मग त्याचं नाव घ्यावंच लागलं. घेतलं. बैठकीतल्या नोंदीत ते आहे. हळू आवाजात घेतलं असलं तरी आहे.